घटस्फोटित किंवा विधवा मुलीची फॅमिली पेन्शन : आधी तारखा जुळवा, मग कागद गोळा करा

पेन्शनर वडील गेले, त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन मिळत होती, आता आईही गेली, आणि घरी परत आलेली मुलगी एकटी राहिली. खडकी, दापोडी, बोपोडी, देहूरोड या भागांत अशी घरं बरीच आहेत, कारण तिथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी संरक्षण खात्याच्या कारखान्यात किंवा डेपोत नोकरी केलेली असते. अशा मुलीला पेन्शन मिळते हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती कोणत्या अटींवर मिळते, हे मात्र अर्जावर आक्षेप निघाल्यावरच कळतं.

माझे वडील खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. माझी पेन्शन मंजूर झाल्यापासून ओळखीच्या बायका आपापली फाईल दाखवायला येतात. त्या फायली बघून माझं मत असं झालंय की कागद कमी असल्यामुळे अडलेलं प्रकरण शेवटी सुटतं, पण तारखांमुळे अडलेलं सहसा सुटत नाही. म्हणून या लेखात मी तारखांवर जास्त थांबणार आहे. घटस्फोटाच्या बाजूनेही जास्त लिहिणार आहे, कारण गुंता तिथेच जास्त असतो.

१. वडिलांची पेन्शन कुठली, ते आधी बघा

इथे लिहिलेलं सगळं केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला लागू आहे, म्हणजे १ जानेवारी २००४ च्या आधी नोकरीला लागलेल्या आणि जुन्या पेन्शन योजनेत असलेल्या लोकांना. नियमाचं नाव सेंट्रल सिव्हिल सर्व्हिसेस पेन्शन नियम २०२१, आणि त्यातला फॅमिली पेन्शनचा नियम ५० वा. पोस्ट, हवामान खातं, खडकवासल्याचं जल संशोधन केंद्र, एमईएस, संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी हे सगळे यात येतात. रेल्वेची आणि फौजेतल्या जवानांची नियमपुस्तकं वेगळी आहेत. राज्य सरकार, महापालिका आणि पीएफवाली ईपीएस पेन्शन यांचे नियम तर पूर्णच वेगळे. तिथे हा लेख दाखवून वाद घालू नका, उपयोग होणार नाही.

खडकी-देहूरोडच्या कारखान्यांबद्दल एक शंका हमखास विचारली जाते. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद होऊन त्याच्या कंपन्या झाल्या, मग आमची पेन्शन कंपनीकडे गेली का? नाही. जुन्या निवृत्तांच्या पेन्शनची जबाबदारी संरक्षण मंत्रालयाकडेच राहिली आहे.

वडिलांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, शोधून काढा. त्यावर कार्यालयाचं नाव, पीपीओ नंबर आणि शेवटचा पगार असतो. पुढचं सगळं काम या एका कागदाच्या आधाराने होतं.

२. तीन तारखा एका कागदावर लिहा

वडिलांच्या मृत्यूची तारीख, आईच्या मृत्यूची तारीख आणि तुमच्या घटस्फोटाची किंवा नवऱ्याच्या मृत्यूची तारीख. आई-वडिलांपैकी जे नंतर गेले त्यांची तारीख इथे महत्त्वाची. तिला आपण 'शेवटची तारीख' म्हणू.

नियम असा आहे की घटस्फोट झाला असेल किंवा नवरा गेला असेल, तर ते या शेवटच्या तारखेच्या आधी झालेलं असलं पाहिजे. आई-वडील दोघंही गेल्यानंतर वैधव्य आलं, तर या नियमाखाली पेन्शन बसत नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यामागचा विचार सरळ आहे. पेन्शन आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीला द्यायची आहे, आणि ते गेले तेव्हा जी आपल्या संसारात होती ती त्यांच्यावर अवलंबून नव्हती, असं सरकार धरतं.

विधवा मुलीचा हिशेब इथेच संपतो. नवऱ्याचा मृत्यू दाखला आणि आई किंवा वडिलांचा मृत्यू दाखला शेजारी ठेवले की उत्तर मिळतं.

घटस्फोटाच्या बाबतीत मात्र एक सवलत आहे. १९ जुलै २०१७ च्या आदेशाने ती आली आणि २०२१ च्या नियमांतही ती आहे. घटस्फोटाचा दावा आई-वडिलांपैकी कुणीतरी हयात असताना सक्षम न्यायालयात दाखल झालेला असेल, आणि निकाल दोघंही गेल्यावर लागला असेल, तरी मुलगी पात्र ठरते. मात्र पेन्शन आईच्या मृत्यूपासून मिळत नाही, घटस्फोटाच्या तारखेपासून मिळते. मधल्या काळाचं काहीही मिळत नाही. दावा तुम्ही केला की नवऱ्याने, असा भेद नियमात केलेला नाही.

या सवलतीमुळे मी सगळ्यांना एकच गोष्ट आग्रहाने सांगते. आई किंवा वडील हयात असतील, तुम्ही वर्षानुवर्षं माहेरी असाल, आणि 'आता कोर्टात कशाला जायचं' म्हणून विषय तसाच राहिला असेल, तर दावा आत्ता दाखल करा. निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, दाखल करण्याची तारीख असते. घरात ऐंशी-पंच्याऐंशीच्या आईसमोर तिच्या मागे काय होईल हा विषय काढणं जड जातं. दावा टाकायला वकिलाकडे जाताना तिला सोबत नेण्याची गरज नाही, तुम्ही एकटीने जाऊन दावा दाखल केला तरी पुरतं.

३. घटस्फोट म्हणजे नेमका कोणता कागद

सर्वांत जास्त अर्ज इथे परत येतात.

माहेरी राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे. परित्यक्ता म्हणून रेशनकार्डावर किंवा एखाद्या योजनेत नोंद असली, तरी या पेन्शनसाठी ती चालत नाही. शंभराच्या स्टॅम्पवर दोन्हीकडच्या मंडळींसमोर लिहून नोटरी केलेली फारकतही कार्यालय घेत नाही. कोर्टाचा हुकूमनामा लागतो.

कोर्टाचा प्रत्येक निकालही घटस्फोटाचा नसतो. न्यायिक फारकत, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खालचा हुकूम, यात नवरा-बायको वेगळे राहतात पण लग्न टिकून असतं. घटस्फोट कलम १३ खाली किंवा परस्परसंमतीने १३-ब खाली होतो. हुकूमनाम्याच्या शेवटच्या पानावर विवाह विच्छेदित झाल्याचं स्पष्ट वाक्य आहे का, ते वाचून बघा.

आता २०१७ च्या सवलतीकडे. 'आमची केस आईच्या हयातीपासून चालू होती' असं सांगत बायका येतात, आणि कागद पाहिले तर ती पोटगीची केस असते किंवा घरगुती हिंसाचाराची. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाव्याच्या नंबरावरूनच हे कळतं. तिथे पिटिशनना अक्षरं असतात. लग्न मोडण्याचा एकतर्फी दावा ए मध्ये येतो, परस्परसंमतीचा एफ मध्ये आणि पोटगीचा अर्ज ई मध्ये. ई नंबराची केस दहा वर्षं चालू असली, तरी तो घटस्फोटाचा दावा धरला जात नाही. ए अक्षरातही नांदायला पाठवण्याचा दावा असू शकतो, म्हणून नुसतं अक्षर बघून थांबू नका, अर्जातली शेवटची मागणी वाचा.

माझं स्वतःचं प्रकरण या अक्षरांमध्येच अडकलं होतं. दावा मी २०१८ मध्ये टाकला, ए नंबराने. आई २०२० च्या फेब्रुवारीत गेली. पुढच्या वर्षी नवऱ्याकडचे तडजोडीला तयार झाले, दावा परस्परसंमतीत बदलला गेला, त्याला नवा एफ नंबर पडला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये हुकूमनामा झाला. अर्ज तपासणाऱ्या कारकुनांनी पहिलं पान उघडलं. आपल्याकडच्या निकालपत्राच्या वरच्या कोपऱ्यात चार ओळी असतात : दाखल दिनांक, नोंद दिनांक, निकाल दिनांक आणि किती काळ चालला तो कालावधी. माझ्या निकालात दाखल दिनांकापुढे २०२१ हे वर्ष होतं, कारण ती तारीख एफ नंबराची होती. त्यांच्या दृष्टीने दावाच आईनंतर दाखल झालेला. आक्षेप आला, आणि समोरचा कागद बघता तो चुकीचा म्हणता येणार नाही.

तो सुटला तो जुन्या ए पिटिशनच्या सही-शिक्क्याच्या नकलेने आणि रोजनाम्याने. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. त्यात 'ए क्रमांकाचा दावा परस्परसंमतीत रूपांतरित' अशी एक ओळ होती. ही दोन्ही कागदपत्रं शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळाली. तुमचा दावा अजून चालू असेल आणि तडजोडीकडे वळत असेल, तर वकिलांना आत्ताच सांगून ठेवा की अंतिम हुकूमनाम्यात मूळ दाव्याचा नंबर आणि मूळ दाखल तारीख दोन्ही लिहून घ्या. नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा हे फार सोपं. मूळ दावा काढून घेऊन नवीन टाकायचा सल्ला कुणी दिला, आणि आई-वडील मधल्या काळात गेलेले असतील, तर तो सल्ला मानण्याआधी पेन्शनचा हा मुद्दा वकिलांसमोर ठेवा. पहिला दावा निकाली निघाला की त्याची तारीखही हातची जाते.

केसचा नंबर हरवला असेल, तर services.ecourts.gov.in वर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. तिथेही दाखल तारीख दिसते, पण तो स्क्रीनचा छापलेला कागद पुरावा म्हणून देऊ नका. नक्कलच लागते.

४. तुमचा नंबर आला आहे का

आई हयात आहे आणि तिला फॅमिली पेन्शन मिळते आहे, तोवर मुलीला काही मिळत नाही. आईनंतर आधी पंचवीस वर्षांच्या आतली भावंडं येतात, त्यानंतर अपंगत्वामुळे स्वतः कमावू न शकणारं भावंड असेल तर ते, आणि त्याला ती आयुष्यभर मिळते. त्यानंतर पंचवीसच्या वरच्या अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुली.

या मुलींमध्ये क्रम फक्त जन्मतारखेचा. थोरली विधवा आणि धाकटी घटस्फोटित असेल तर थोरलीला पूर्ण पेन्शन मिळते, धाकटीला वाटा मिळत नाही. थोरली गेली, तिने पुन्हा लग्न केलं किंवा ती कमवू लागली, की धाकटीचा नंबर. त्यासाठी धाकटी आई-वडील गेले तेव्हाही अटीत बसत असली पाहिजे आणि नंबर येईल त्या दिवशीही. दोघी बहिणींनी आपसात निम्मे-निम्मे वाटून घ्यायचं ठरवलं तर तो त्यांच्या घरातला प्रश्न, कार्यालयाकडे तसा अर्ज करू नका.

भाऊ नोकरीत आहे, त्याने 'नाहरकत' दिली पाहिजे, असं काही ठिकाणी सांगितलं जातं. कमावता, पंचवीसच्या वरचा भाऊ या रांगेतच नाही, त्यामुळे त्याच्या हक्काचा प्रश्न येत नाही. तरीही सगळ्या भावंडांची नावं, वयं आणि काय करतात याची यादी अर्जात द्यावी लागते. ती खरी आणि पूर्ण द्या. एखादी बहीण परदेशी असली तरी तिचं नाव लिहा.

५. उत्पन्नाची रेषा

मुलगी स्वतःचा उदरनिर्वाह कमावत नसावी, अशी अट आहे, आणि त्याची रेषा आकड्यात ठरलेली आहे. फॅमिली पेन्शनची किमान रक्कम महिना ९,००० रुपये, त्यावर त्या वेळी लागू असलेला महागाई दिलासा. तुमचं इतर मार्गांनी येणारं उत्पन्न या बेरजेइतकं किंवा त्याहून जास्त असेल, तर तुम्ही कमावत्या. १ जुलै २०२५ पासूनचा दिलासा ५८ टक्के धरला, तर ९,००० वर ५,२२०, म्हणजे रेषा १४,२२० रुपयांवर येते. दिलासा जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, तशी रेषाही सरकते.

'उत्पन्न' म्हटलं की लोकांना पगार आठवतो. खरा घोटाळा आई गेल्यानंतर होतो. समजा आईमागे तुमच्या नावावर १५ लाखांची ठेव आली आणि व्याज ७ टक्के आहे. वर्षाला १,०५,००० रुपये, महिन्याला ८,७५०. ब्लाऊज शिवण्याचे महिना ४,००० येतात. एकूण १२,७५०, म्हणजे रेषेच्या आत. आता वडिलांच्या दापोडीच्या फ्लॅटमधली एक खोली ६,००० ने भाड्याने दिली, तर आकडा १८,७५० होतो आणि पेन्शन अडचणीत येते. वारसाहक्काचे निर्णय घेताना हा हिशेब आधी करा. भाडं भावाच्या नावाने करारात दाखवून प्रत्यक्षात आपण घ्यायचं, असले उपाय सुचवणारे भेटतात. दरवर्षी उत्पन्नाचं लेखी निवेदन तुमच्या सहीने द्यायचं असतं, आणि ते खोटं ठरलं तर वसुली तुमच्याकडूनच होते.

पोटगी मिळत असेल तर ती लपवू नका, अर्जात लिहा. हुकूमनाम्यात रक्कम छापलेली असते, कार्यालय ती वाचणारच.

मिळणारी फॅमिली पेन्शन स्वतः या हिशेबात धरत नाहीत. ती किती असेल त्याचा ढोबळ अंदाज : वडिलांच्या शेवटच्या मूळ पगाराच्या, म्हणजे सातव्या वेतन आयोगात बसवलेल्या पगाराच्या, ३० टक्के. तो पगार ४४,९०० असेल तर मूळ फॅमिली पेन्शन १३,४७०. त्यावर ५८ टक्के दिलासा सुमारे ७,८१३. हातात साधारण २१,२८३.

६. कागद

हे जमवून एका फायलीत ठेवा आणि प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स काढा :

- वडिलांचा पीपीओ, आणि आईला फॅमिली पेन्शन मिळत असल्याचा कागद किंवा पासबुक
- आई आणि वडील दोघांचे मृत्यू दाखले
- हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल. विधवा असाल तर लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला
- जन्मतारखेचा पुरावा, आधार, पॅन
- पुनर्विवाह केला नसल्याचं प्रतिज्ञापत्र
- उत्पन्नाचा पुरावा
- आई-वडिलांवर अवलंबून होतात हे दाखवणारं काही
- स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, फोटो, सह्यांचे नमुने

मृत्यू दाखला मृत्यू जिथे झाला तिथलं कार्यालय देतं. खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत मृत्यू झाला असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, महापालिका हद्दीत झाला असेल तर महापालिका. घर बोपोडीत आणि दवाखाना कॅन्टोन्मेंटमध्ये असलं की लोक चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

नावांचा मेळ बसवा. पीपीओत किंवा वडिलांच्या सर्व्हिस बुकात तुम्ही माहेरच्या नावाने, हुकूमनाम्यात सासरच्या आणि आधारावर तिसऱ्याच नावाने असाल, तर 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा.

उत्पन्नाच्या दाखल्यात एक खोच आहे. तहसीलदारांचा दाखला कुटुंबाच्या उत्पन्नावर निघतो. भावाच्या घरी राहता, रेशनकार्ड एकच आहे, तर त्यात भावाचा पगार येऊन बसतो आणि तुमचा आकडा दोन-चार लाखांवर जातो. सेतू केंद्रात अर्ज भरतानाच दाखला कशासाठी हवा ते सांगा, आणि स्वतःचं उत्पन्न वेगळं दिसेल असं बघा. माझ्या मते त्यापेक्षा स्वतःच्या पॅनवर इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं बरं, कर शून्य असला तरी. त्यात फक्त तुमचं उत्पन्न असतं.

अवलंबून असल्याचा सर्वांत चांगला पुरावा सीजीएचएस कार्ड, वडिलांच्या कार्डावर तुमचं नाव असेल तर. नसेल तर त्याच पत्त्याचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार.

७. आई-वडील हयात असतील तर आधीच करायचं काम

पेन्शनर वडिलांनी, किंवा वडील नसतील तर आईने, जुन्या कार्यालयाला साधं पत्र द्यायचं : मुलगी अमुक तारखेपासून घटस्फोटित किंवा विधवा आहे, आमच्यावर अवलंबून आहे, फॉर्म ४ मध्ये कुटुंबाच्या तपशिलात नोंद घ्यावी. सोबत हुकूमनाम्याची झेरॉक्स. दावा चालू असेल तर पिटिशनच्या पहिल्या पानाची. आणि पत्राच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा.

हे केलं नसेल म्हणून हक्क जात नाही. फॉर्म ४ मध्ये किंवा पीपीओत नाव नाही, एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही, बाकी कागद पाहून कार्यालयाने खात्री करून घ्यायची असते. पण आईच्या सहीचा शिक्का मारलेला कागद फायलीत असला की चौकशी खूप लवकर आटोपते.

८. अर्ज कुठे द्यायचा

बँकेत नाही. आईची पेन्शन ज्या शाखेत येत होती तिथले लोक तुम्हाला फार तर पुढचा रस्ता दाखवतील. आईचं नाव पीपीओवर असल्याने तिची फॅमिली पेन्शन बँकेतूनच सुरू झालेली असते, तशीच आपलीही होईल असं वाटतं. तुमच्यासाठी मात्र नवीन मंजुरी लागते.

अर्ज वडील जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयाच्या प्रमुखांच्या नावे करायचा. अर्जाचा नमुना तिथल्या पेन्शन विभागातूनच घ्या. कार्यालय अटी तपासून प्रकरण पुढे पाठवतं. नागरी खात्यांत ते वेतन व लेखा कार्यालय, तिथून दिल्लीचं केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालय आणि मग बँकेचं पेन्शन केंद्र असं जातं. संरक्षण खात्याच्या नागरी कर्मचाऱ्यांचं प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात जातं आणि पैसे 'स्पर्श' प्रणालीतून येतात. त्या प्रणालीत स्थिती sparsh.defencepension.gov.in वर बघता येते. हुकूमनामा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून जोडा. पुण्यातल्या कारकुनांना मराठी येतं, प्रयागराजला फाईल उघडणाऱ्याला येत नाही.

अर्जाच्या वरच एका पानावर तारखांचा तक्ता द्या : वडिलांचा मृत्यू, आईचा मृत्यू, दावा दाखल, घटस्फोट, आणि प्रत्येकीसमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. हे कुणी मागत नाही. पण तपासणाऱ्याला पहिल्या मिनिटात पात्रता दिसली तर तो आक्षेप शोधत बसत नाही. माझ्या फायलीला आक्षेपानंतर असं पान जोडलं, तेव्हापासून तोंडी खुलासे विचारणं थांबलं.

आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. आक्षेप आला तर तो लेखी मागा, 'मॅडम, अजून एक कागद लागेल' असं फोनवर ऐकून धावू नका. बराच काळ काहीच हालचाल नसेल तर केंद्राच्या पेन्शन विभागाची तक्रार व्यवस्था pgportal.gov.in वर आहे. त्यात आवक क्रमांक आणि तारीख टाकली, तरच तक्रार वजनदार होते.

याच दरम्यान आईच्या खात्याचं भान ठेवा. मृत्यू कळवायला उशीर झाला तर पुढच्या महिन्याची पेन्शन जमा होऊन बसते. ती काढू नका, खातं तुमच्यासोबत जोडीचं असलं तरी. बँक ती परत घेणारच, आणि तुमच्या स्वतःच्या अर्जाच्या वेळी थकबाकीचा विषय निघालेला बरा नाही.

९. पेन्शन सुरू झाल्यावर

शेवटच्या तारखेआधीच तुम्ही पात्र असाल तर पेन्शन आई किंवा वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, आणि मंजुरीपर्यंतची थकबाकी एकरकमी येते. दावा आधीचा आणि निकाल नंतरचा असेल, तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून. पहिली रक्कम आली की ही सुरुवातीची तारीख आणि मूळ पेन्शनचा आकडा नव्या पीपीओशी ताडून पाहा.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. त्यासोबत पुनर्विवाह न केल्याचं आणि ठरलेल्या रेषेइतकं उत्पन्न नसल्याचं निवेदन मागतात, ते द्यायचं. मोबाईलवरून जीवन प्रमाण केलं की सगळं झालं असं समजून काही जणी बाकीचं निवेदन देत नाहीत आणि मग पेन्शन थांबते.

पुन्हा लग्न केलं तर पेन्शन त्या दिवसापासून बंद होते. 'मूल नसलेल्या विधवेला पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू राहते' असं कुणी सांगेल. ती तरतूद कर्मचाऱ्याच्या विधवा पत्नीसाठी आहे, मुलीसाठी नाही. लग्न ठरलं, नोकरी लागली किंवा उत्पन्न रेषेवर गेलं, तर पेन्शन देणाऱ्या बँकेला किंवा 'स्पर्श'ला लेखी कळवा आणि पोच घ्या. मागे धाकटी बहीण रांगेत असेल, तर तिचा अर्जही याच पोचपावतीच्या तारखेवरून पुढे जातो.